19 मिमीच्या घड्याळाला पट्टा कोणता? आधी माप, मग पिन, मग मनगट

प्रश्न: घड्याळाचा कंपनीचा चामडी पट्टा बकलजवळ तुटला. जुना पट्टा मोजला तर 19 मिमी भरतो. सोलापूरच्या नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, 20 चा बसवून देतो, काही होत नाही. मनगट साडेसोळा सेंमी, डायल 40 मिमी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, दिवसभर घाम आणि कापसाची धूळ. दुसऱ्या घड्याळाला चेन आहे, ती सकाळी सैल होते आणि दुपारी घट्ट. लेदर, चेन की रबर, काय घेऊ?

उत्तर:

20 चा बसवून घेऊ नका. घड्याळ 19 चं असेल तर 19 चाच पट्टा घ्या आणि तो आखूड मापाचा मागा. कारखान्यात वापरायला चांगल्या प्रतीचं रबर आणि संध्याकाळी किंवा लग्नकार्याला लेदर, अशी जोडी तुमच्यासाठी बरी. तुमच्या कामाला चेन मी शेवटी ठेवेन. आता हे सगळं का, ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही मोजलाय तो पट्टा, घड्याळ नाही मोजलेलं. वापरलेलं चामडं घामाने फुगतं, कडा झिजतात, पट्टा घड्याळाला अडकवणाऱ्या पिनेजवळ ते दबून अरुंद होतं. त्यामुळे 20 चा जुना पट्टा साडेएकोणीस भरू शकतो आणि 18 चा फुगून पावणेएकोणीसही होऊ शकतो. मोजायचं असतं ते घड्याळाच्या डबीला वर आणि खाली जे दोन-दोन कान निघालेले असतात, ज्यांना लग म्हणतात, त्यांच्यामधलं आतलं अंतर. तुमच्या कारखान्यात मेंटेनन्सवाल्यांकडे व्हर्नियर कॅलिपर नक्की असणार. त्याचे वरचे छोटे जबडे दोन कानांच्या आत घालून, पिनेच्या भोकांच्या रेषेत, हलक्या हाताने उघडा. स्टीलच्या जबड्यांनी कानांच्या आतल्या बाजूला चरे पडतात, म्हणून जबडा टेकला की थांबायचं, आत दाबून फिरवायचा नाही.

व्हर्नियर मिळाला नाही तर कागद पुरतो. लग्नपत्रिकेसारख्या जाड कागदाची 21 मिमी रुंद पट्टी कापा आणि ती कानांमध्ये न वाकता, न अडकता सरळ बसेपर्यंत एका कडेने बारीक कातरत न्या. मग ती पट्टी स्टीलच्या फुटपट्टीवर ठेवून वाचा. 18.9 ते 19.2 आलं तर घड्याळ 19 चं. 19.8 किंवा त्यापुढे आलं तर ते 20 चं आहे, तुमचा जुना पट्टाच दबला होता आणि दुकानदाराचं म्हणणं बरोबर ठरतं. मधलंच काहीतरी आलं, तर पुन्हा मोजा. बहुतेक वेळा हात तिरका धरलेला असतो.

समजा 19 च निघालं. बाजारात 18, 20 आणि 22 हे सहज मिळतात, 19 आणि 21 शोधावे लागतात, म्हणूनच दुकानदार 20 चा गळ्यात मारतो. चामडं मऊ असतं, ते दाबून बसतंही. पण पुढे काय होतं ते बघा. पट्टा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी दाबला गेला की त्याच्या कोपऱ्यांवर सुरकुती पडते, कडेला लावलेला रंग तडकतो आणि तिथूनच घाम आत शिरतो. त्याहून त्रासदायक म्हणजे दाबलेला पट्टा पिनेभोवती मोकळा फिरत नाही. तो कानातून ताठ बाहेर येतो, मनगटाला चिकटून खाली वळत नाही. साडेसोळाच्या मनगटावर हे लगेच जाणवतं, घड्याळ वर उचललेलं राहतं आणि इकडे तिकडे कलतं. शिवाय पिनेची टोकं चामड्यात बुडतात, ती भोकात पूर्ण गेली की नाही हे दिसत नाही, आणि अर्धवट बसलेली पिन कधीतरी हात झटकताना सुटते. रबरात 20 दाबून बसवणं आणखी वाईट, आणि चेनीत तर ते शक्यच नाही.

उलट बाजूने, 19 च्या जागी 18 चा चामडी पट्टा लावला तर दोन्हीकडे अर्धा मिमी फट राहते. दिसायला थोडं ओशाळवाणं, पण घड्याळाला धोका कमी. 19 मिळेपर्यंतची सोय म्हणून चालेल. अट एकच: पिन 19 चीच हवी. पिनेचं माप कानांच्या अंतरावरून ठरतं, पट्ट्याच्या रुंदीवरून नाही. 18 च्या पट्ट्यासोबत आलेली 18 ची पिन 19 च्या कानात घातली तर तिची टोकं भोकात जेमतेम टेकतात.

पिनेकडे लोक बघतच नाहीत, आणि घड्याळ पडतं ते बहुतेक वेळा तिच्यामुळेच. ही पिन म्हणजे बारीक नळी, आत स्प्रिंग, दोन्ही टोकांना आत दबणारे खुंट. साध्या घड्याळांना साधारण दीड मिमी जाडीची पिन येते, थोडं जड घड्याळ असेल आणि पट्ट्याच्या भोकात जागा असेल तर 1.8 मिमीची घ्यावी. पाण्यात उतरायच्या काही घड्याळांना अडीच मिमीची जाड पिन असते, पण तुमच्या कानाची भोकं त्या मापाची नसतील तर तिचा उपयोग नाही. जुनी पिन सपाट काचेवर घरंगळवून बघा. सरळ न जाता ती लचकत गेली तर वाकलेली आहे. खुंट नखाने दाबून सोडला तर लगेच पूर्ण बाहेर आला पाहिजे. घामाचं मीठ आत जाऊन स्प्रिंग गंजली की खुंट अर्ध्यावर अडकतो. पट्टा नवा घेताना दोन्ही पिना नव्या घ्याव्यात, त्यांचा खर्च किरकोळ आहे.

हल्ली पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारीक खुंटी असलेल्या क्विक रिलीज पिना मिळतात. नखाने खुंटी सरकवली की पट्टा निघतो, अवजार लागत नाही. तुम्हाला दोन पट्टे आलटून पालटून वापरायचे असतील तर याच घ्या. नेहमी अवजाराने काढघाल केली की कानांच्या मागच्या बाजूला चरे पडतातच. या पिनांचा एक तोटा असा की खुंटीच्या खाचेत कापसाचा बारीक तंतू अडकतो आणि खुंटी पूर्ण परत येत नाही. लावताना ती खाच फुंकर मारून साफ करा आणि लावल्यावर खुंटी मूळ जागी आली का बघा.

आता लांबी. बहुतेक जण रुंदी विचारून पट्टा घेतात आणि लांबी नशिबावर सोडतात. बाजारातला नेहमीचा पट्टा 115/75 किंवा 120/75 असतो. मोठा आकडा म्हणजे भोकं असलेला लांब भाग, छोटा म्हणजे बकलचा भाग. तुमच्या मनगटावर तो कसा बसेल याचा हिशेब मांडून दाखवतो.

मनगट 165 मिमी. ते हाताच्या हाडाच्या उंचवट्यावर मोजू नका, जिथे घड्याळ बसतं तिथे मोजा. 40 मिमीच्या डबीला वरच्या पिनेपासून खालच्या पिनेपर्यंतचं अंतर साधारण 42 मिमी भरतं, तुमचं फुटपट्टीने तपासून घ्या. 165 मधून 42 गेले, उरले 123. पट्टा मनगटाच्या बाहेरून फिरतो, त्याची स्वतःची जाडी असते आणि थोडी सैल जागाही लागते, त्यासाठी 8 मिमी धरा. म्हणजे वरच्या पिनेपासून बकलमार्गे खालच्या पिनेपर्यंत 131 मिमी पट्टा हवा.

बकल मनगटाच्या खाली अगदी मधोमध यावं, म्हणजे टेबलावर हात ठेवला की ते कडेला टोचत नाही. 131 चा निम्मा साडेपासष्ट. तर बकलचा भाग 65 च्या आसपासचा हवा. तुम्ही 75 चा घेतला तर बकल मधून जवळजवळ एक सेंटिमीटर अंगठ्याच्या बाजूला सरकतं, आणि लांब भागातलं लागणारं भोक 56 मिमीवर येतं. 115 च्या पट्ट्यात 56 म्हणजे पहिलं किंवा दुसरं भोक. मग जवळपास सहा सेंटिमीटर शेपटी उरते, ती कडीतून बाहेर येऊन फडफडते आणि शर्टाच्या बाहीत अडकते. तेच 105/65 चा घेतला तर भोक 66 मिमीवर येतं, म्हणजे बरोबर मधलं. दोन्ही बाजूंना दोन-तीन भोकं शिल्लक राहतात. म्हणून दुकानात नुसतं '19 चा द्या' न म्हणता 'शॉर्ट, 105/65 चा द्या' म्हणा. नुसतं 'शॉर्ट' सांगून भागत नाही, कारण प्रत्येक बनवणाऱ्याचं शॉर्ट वेगळं असतं. पट्टा टेबलावर सरळ ठेवा, वरच्या कडेपासून मोजून घ्या आणि भोकांमधलं अंतरही बघा.

ते अंतर महत्त्वाचं, कारण तुमची खरी तक्रार तिथेच आहे. मनगट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, त्यात लूमच्या शेडमधली गरमी. हात खाली सोडून काम केलं, उन्हात फिरलं की मनगट काही मिलिमीटर फुगतं, आणि पहाटे पुन्हा उतरतं. चामड्याच्या पट्ट्यात दोन भोकांमध्ये सहसा सहा-सात मिमीचं अंतर असतं, म्हणजे एक भोक सोडलं की सैल आणि धरलं की घट्ट. रबरात ते अनेकदा पाच मिमीच्या आसपास असतं आणि रबर स्वतःही थोडं ताणतं. लोक 'लेदर की रबर' विचारतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा हाच अर्धा सेंटिमीटर त्रास देत असतो.

तुमच्या दुसऱ्या घड्याळाच्या चेनीचंही नेमकं हेच झालंय. चेनची एक कडी सात-आठ मिमीची असते, आणि दुकानदाराने कड्या काढून 'बसली' म्हणून दिली असेल. पण लॉकच्या बाजूला, त्याच्या पत्र्यात, तीन-चार बारीक भोकं असतात आणि त्यांच्यात साधारण अडीच ते तीन मिमीचं अंतर असतं. चेनची शेवटची कडी तिथे एका स्प्रिंग पिनेने अडकवलेली असते. टोकदार अवजाराने ती पिन आत दाबून एक भोक सरकवली की चेन तेवढीच कमी-जास्त होते. कड्या अशा काढायच्या की सकाळी पिन मधल्या भोकात यावी, म्हणजे उन्हाळ्यात एक भोक सैल आणि थंडीत एक भोक घट्ट करता येतं. बऱ्याच चेनी पहिल्याच दिवशी शेवटच्या भोकात बसवून दिलेल्या असतात, मग दुपारी सैल करायला जागाच उरत नाही. सगळी भोकं संपली असतील तर एक काढलेली कडी परत घालून पिन घट्ट बाजूच्या भोकात न्या.

कड्या स्वतः काढणार असाल तर आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात ते बघा. पिन बाणाच्या दिशेनेच बाहेर ढकलायची आणि परत घालताना बाणाच्या उलट दिशेने आत घालायची. साध्या चिरलेल्या पिनेचं एक टोक दुभंगलेलं असतं, ते शेवटी आत गेलं पाहिजे. तेच आधी घातलं तर पिन वाकते किंवा ठोकून बसवावी लागते. काही चेनींमध्ये पिनेसोबत मधल्या कडीत बारीक नळकांडी असते, ती पिन काढताना टुणकन उडून हरवते, आणि तिच्याशिवाय पिन धरत नाही. म्हणून खाली पांढरा पंचा अंथरा. दोन्ही बाजूंनी सारख्या कड्या काढा. संख्या विषम असेल तर जास्तीची कडी 6 च्या बाजूने काढा, लॉक मनगटाखाली मधोमध येतं.

मग या घड्याळाला चेन का नको? एक, 19 ची चेन मिळणं अवघड, आणि डबीच्या गोलाईला बरोबर बसणारा टोकाचा तुकडा तर त्याच मॉडेलचा लागतो. सरळ टोकाची चेन लावली तर डबी आणि चेनीच्या मध्ये फट दिसते. दोन, कापसाची धूळ आणि घाम कड्यांच्या सांध्यांत जाऊन काळा चिखल होतो. तो आतल्या बाजूला वंगणाचं नाही तर वाळूचं काम करतो आणि पिनांची भोकं झिजवतो, चेन मग लांबट आणि लुळी पडते. तीन, आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: चालू लूमजवळ हात घालायची वेळ आली तर कोणतंही घड्याळ मनगटावर नको, पण त्यातही सैल चेन सर्वांत वाईट. चामडं किंवा रबर ओढ बसली तर तुटण्याची निदान शक्यता असते, स्टील तुटत नाही. घड्याळ खिशात टाका.

रबरामध्ये निवड नीट करा, कारण 'रबर' या एका शब्दाखाली तीन-चार वेगळे पदार्थ विकले जातात. सिलिकॉन सगळ्यात स्वस्त आणि मऊ, पहिल्या दिवसापासून आरामदायक. पण त्याचा पृष्ठभाग धूळ आणि तंतू ओढून घेतो. टॉवेलच्या कारखान्यात सिलिकॉनचा काळा पट्टा तासाभरात केसाळ होतो, आणि धुतला तरी पुन्हा तेच. शिवाय ते पिनेच्या भोकाजवळ आणि बकलच्या भोकाजवळ फाटतं, तेही आधी न सांगता. तुम्हाला हे नको.

दुसरा प्रकार फ्लोरोरबर, पाकिटावर 'एफकेएम' लिहिलेलं असतं. तो जरा जड, घट्ट आणि गुळगुळीत लागतो, उष्णता, तेल आणि उन्हाला चांगला टिकतो, आणि तंतू त्याला चिकटत नाहीत. दुकानात ओळखायची सोपी रीत: पट्टा तुमच्याच शर्टावर किंवा टॉवेलवर चार वेळा घासा आणि उजेडात बघा. सिलिकॉनवर तंतू उभे राहतात, चांगल्या फ्लोरोरबरावर ते हाताने पुसून जातात. आणि ओढून बघा, सिलिकॉन सहज लांबतं, हे कमी. किंमत सिलिकॉनच्या कितीतरी जास्त असते, त्यामुळे ओळख न पटवता घेऊ नका.

इथे एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. 2024 च्या अखेरीस अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटी पट्टे तपासले, तेव्हा काही फ्लोरोरबरच्या पट्ट्यांमध्ये पीएफएचएक्सए नावाचं, 'कायमच्या रसायनां'मध्ये गणलं जाणारं द्रव्य बऱ्याच प्रमाणात आढळलं. ते त्वचेतून शरीरात किती जातं आणि त्याने काय होतं हे त्या तपासणीतून ठरलेलं नाही. ज्यांना हे नको वाटतं, त्यांच्यासाठी तिसरा पर्याय चांगल्या प्रतीचं नैसर्गिक रबर. ते मऊ असतं आणि तंतू सिलिकॉनइतके धरत नाही. पण ऊन आणि तेल त्याला बाधतं, दोन-तीन वर्षांत ते कडक होऊन वळणावर तडकू लागतं.

चौथा प्रकार म्हणजे स्वस्त डिजिटल घड्याळांना येतो तो प्लॅस्टिकसारखा पॉलीयुरेथेन पट्टा. उष्णता आणि घामाच्या ओलाव्याने तो काही वर्षांत चिकट होतो, मग ठिसूळ होतो आणि वळणावर तुकडा पडतो. कपाटात ठेवलेलाही खराब होतो, त्यामुळे जुना साठा घेऊ नका.

रबर हवा आत येऊ देत नाही, ही त्याची मर्यादा. घाम खाली साचतो, त्यात साबणाचा अंश राहिला की त्वचा लाल होते. आतल्या बाजूला खोबण्या किंवा उभ्या रेषा असलेला पट्टा घ्या, घामाला वाट मिळते. घरी आलात की पट्टा काढून नळाखाली धुवा, पुसा, मनगटही कोरडं करा. तरीही पुरळ बरोबर बकलच्याच आकाराची उठली तर दोष रबराचा नसून बकलच्या धातूतल्या निकेलचा असण्याची शक्यता जास्त. मुलामा दिलेलं स्वस्त बकल घासून उघडं पडलं की असं होतं. 316एल स्टीलचं बकल लावून बघा. त्या स्टीलमध्येही निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असतं आणि फार थोडं सुटतं.

लेदरविषयी लोक फार हळवे असतात, मला मात्र ते इथल्या रोजच्या वापरासाठी पटत नाही. पट्टा एका तुकड्याचा नसतो. वर एक चामडं, खाली अस्तर, मध्ये भरण, आणि सगळं डिंकाने चिकटवून शिवलेलं. घाम अस्तरातून आत जातो, डिंक सोडतो, अस्तर काळं पडतं आणि वास येतो. तुमचा पट्टा बकलजवळ तुटला यात नवल नाही, कारण रोज त्याच एका भोकावर वळतो, तिथेच ओला होतो, तिथेच सुकतो. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे ओला पट्टा लवकर सुकतो हे खरं, पण तो उन्हात सुकवला तर चामडं कडक होतं आणि त्याच वळणावर तडकतं. सावलीत, पंख्याखाली सुकवा. त्यावर खोबरेल चोळण्याची पद्धत सोडून द्या. तेलाने शिवण आणि डिंक दोन्ही सैल होतात, डाग राहतो, आणि धूळ वरून चिकटते ती वेगळीच.

विकत घेताना आतल्या बाजूचा 'जेन्युइन लेदर' शिक्का फारसं काही सांगत नाही. चामड्याचा खालचा थर घेऊन त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन मगरीच्या कातडीचा ठसा मारलेला पट्टाही तोच शिक्का घेऊन येतो. त्यापेक्षा भोकाजवळचा भाग हातात धरून काटकोनात वाकवा आणि डोळ्याजवळ धरा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर बऱ्याच निघून जातात. लेपावर एक-दोन ठळक रेघा येतात आणि ठशाच्या चौकटीबाहेरही त्या सरळ जातात. मग भोकाच्या आत बघा. तिथे कापलेली कड रंगाशिवाय असते, आतमध्ये तंतू दिसले तर चामडं, आणि पुठ्ठ्यासारखा सपाट चुरा दिसला तर नाही. अस्तर मऊ, किंचित खरखरीत हवं, प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत नको, नाहीतर घाम मनगटावरच राहतो.

जाडीही बघा. तुमची डबी 40 ची असली तरी कानाजवळ चार मिमीचा गुबगुबीत पट्टा काही घड्याळांत डबीला घासतो आणि वळत नाही. पिन लावून तिच्यात आणि डबीत किती जागा आहे ते पोस्टकार्डाच्या तुकड्यांच्या थप्पीने पाहा. दीड-दोन मिमी जागा असेल तर पट्टा टोकाला अडीच-तीन मिमीपेक्षा जाड घेऊ नका. भारी दिसावा म्हणून फुगलेला पट्टा घेतला तर लहान मनगटावर घड्याळ डोक्याकडून जड वाटतं.

बसवताना घड्याळ दुमडलेल्या टॉवेलवर पालथं ठेवा, कानांच्या मागच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावा. बकलचा छोटा भाग 12 च्या बाजूला, भोकांचा लांब भाग 6 च्या बाजूला. पिनेचं एक टोक आधी एका कानाच्या भोकात घाला, दुसरं टोक दाबून पट्टा सरकवा, आणि तो भोकासमोर आला की बारीक 'टक्' होतं. टक् झालं म्हणून थांबू नका. टॉवेलवरच पट्टा दोन्ही बाजूंना तिरका धरून जोरात ओढा, आणि नखाने पिनेजवळ उचलून बघा. नीट न बसलेली पिन इथेच सुटते, रस्त्यावर सुटण्यापेक्षा बरं.

मग मनगटावर. लेदर आणि रबर असं बांधा की बकलखाली एका बोटाचं टोक थोड्या प्रयत्नाने शिरेल. चेन असेल तर लॉकखाली करंगळी जावी आणि घड्याळ हाताच्या हाडाच्या दिशेने सेंटिमीटरभर सरकावं. मूठ आवळून पाहा, मनगट वाकवून पाहा. किल्लीचा गोल तुमच्या हाताच्या मागे रुतत असेल तर घड्याळ कोपराच्या बाजूला थोडं वर बांधा. काढल्यावर त्वचेवर पट्ट्याच्या शिवणीची नक्षी दहा मिनिटांनंतरही राहिली तर एक भोक सोडा. हा निर्णय सकाळी नको, दुपारी तीनच्या सुमारास घ्या, कारण तुमचं मनगट तेव्हा सर्वांत मोठं असतं.

शेवटी तुमचं जुनं बकल. तुटलेल्या पट्ट्यावरचं कंपनीचं बकल काढून ठेवा, पण नव्या पट्ट्याच्या टोकाशी त्याची आतली रुंदी जुळते का तपासा. 19 चा पट्टा बहुतेक वेळा टोकाला 16 पर्यंत निमुळता होतो, तर तुमचं बकल 18 चं असेल तर दोन्ही बाजूंना फट राहून पट्टा आत सरकत राहतो, आणि बकलची जीभ भोकाचा एकच कोपरा खात जाते. अशा वेळी नव्यासोबत आलेलं बकलच राहू द्या.